तिजोरीत ३२ अब्ज डॉलर, तरीही बाट का कोसळला?

आजचा भाग ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा त्याचा लिखित अवतार. बोलताना मी दोन ठिकाणी घसरलो होतो, ते इथे नीट केलंय.

तारीख ३० जून १९९७. थायलंडचे पंतप्रधान चवलित योंगचैयुध टीव्हीवर येतात आणि देशाला सांगतात, की बाटचं अवमूल्यन होणार नाही. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, थायलंडमधल्या बँकांना सहामाही सुट्टी. २ जुलैला सकाळीच थायलंडची मध्यवर्ती बँक जाहीर करते, की आजपासून बाटचा भाव बाजार ठरवेल. काल-परवापर्यंत डॉलरला २५ च्या आसपास असलेला बाट त्या एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त घसरला. पुढच्या जानेवारीत एका डॉलरला ५६ बाट मोजावे लागत होते.

यात एक गोष्ट मात्र कोड्यात टाकणारी आहे. बाट सोडून दिला त्या वेळी मध्यवर्ती बँकेच्या पुस्तकात ३२ अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी दिसत होती. तेव्हाच्या थायलंडसाठी ही रक्कम लहान नव्हती. मग एवढे डॉलर हाताशी असताना कुणी शस्त्रं खाली का ठेवेल? आजचा सगळा भाग या एका प्रश्नाचा आहे.

आधी तीन प्रकार समजून घेऊ

चलनाचा भाव ठरवण्याच्या पद्धतींची एक पट्टी डोळ्यासमोर आणा. एका टोकाला पक्का स्थिर दर. याचं जिवंत उदाहरण हाँगकाँग. १९८३ पासून तिथे एका अमेरिकी डॉलरला ७.८० हाँगकाँग डॉलर असा भाव आहे (आता त्याच्या आजूबाजूला छोटासा पट्टा आहे), आणि तो एका कडक नियमावर उभा आहे. बाजारात जेवढं मूळ चलन सोडलं, तेवढ्याच किमतीचे अमेरिकी डॉलर मागे ठेवायचे. डॉलर बाहेर गेले की चलन आपोआप आटतं आणि व्याजदर वर जातो. तिथे कुणा अधिकाऱ्याने बसून 'आता काय करायचं' हे ठरवायला फारसा वाव ठेवलेलाच नाही.

दुसऱ्या टोकाला तरंगता दर. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर १९८३ मध्ये आपला डॉलर मोकळा सोडला. तेव्हापासून भाव रोज खाली-वर होतो आणि तो अमुक इतका राहील असं वचन कुणी देत नाही.

आणि मधे असतो बांधलेला दर, ज्याला सगळे 'पेग' म्हणतात. इथे मध्यवर्ती बँक म्हणते, 'आम्ही भाव अमुक ठेवू.' पण हाँगकाँगसारखा चलनामागे डॉलर ठेवायचा कडक नियम नसतो. देशाला गरज पडली तर स्वतःच्या मर्जीने चलन छापता येतं, बुडत्या बँकेला उसने पैसे देता येतात. म्हणजे वचन कडक आणि हात मात्र मोकळे. ऐकायला छान वाटतं ना? थायलंड नेमका इथेच उभा होता.

अर्थशास्त्रात यावर एक जुना नियम आहे. स्थिर भाव, पैशाला देशाबाहेर ये-जा करायची मोकळीक, आणि स्वतःचा व्याजदर स्वतः ठरवायचा अधिकार, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. हाँगकाँगने व्याजदराचा अधिकार सोडला, ऑस्ट्रेलियाने स्थिर भाव सोडला. थायलंडला तिन्ही हवं होतं, आणि काही वर्षं तसं जमतंय असं वाटलंही.

स्वस्त डॉलरची सवय

१९८४ मध्ये थायलंडने एकदा अवमूल्यन करून बाट २३ वरून २७ वर नेला आणि काही देशांच्या चलनांच्या टोपलीशी बांधला. टोपलीत सगळ्यात मोठा वाटा डॉलरचाच होता. त्यामुळे पुढची बारा वर्षं भाव २५ ते २७ च्या घरात राहिला. बारा वर्षं म्हणजे कॉलेजातून बाहेर पडलेला माणूस कंपनीत मोठा साहेब होईपर्यंतचा काळ. या पिढीने बाट हललेला फारसा पाहिलाच नव्हता.

१९९३ मध्ये थायलंडने बँकांना एक नवं दालन उघडून दिलं. परदेशातून डॉलरमध्ये कर्ज उचला आणि देशात वाटा. डॉलरचं कर्ज स्वस्त होतं, बाटमधलं कर्ज त्याच्या जवळपास दुप्पट व्याजाने मिळायचं. आता तुम्ही बँकॉकमधले बिल्डर आहात असं समजा. तुम्ही १ कोटी डॉलर उचलता. ते २५ च्या भावाने २५ कोटी बाट होतात. त्यात टॉवर उभा करता, फ्लॅट बाटमध्ये विकता आणि कर्ज डॉलरमध्ये फेडता. भाव हलला तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात येत नाही, कारण भाव हलणार नाही असं सरकारनेच सांगितलंय. भाव बदलण्याच्या धोक्यावर विमा काढता येतो, त्याला हेज म्हणतात. पण त्याला पैसे पडतात. सरकार फुकट हमी देत असताना विमा कोण घेणार?

म्हणजे कर्ज वाढलं ते पेग असूनही नव्हे, पेगमुळेच वाढलं. १९९६ संपेपर्यंत थायलंडचं परकीय कर्ज ९० अब्ज डॉलरच्या आसपास गेलं होतं. त्यातलं बहुतेक खासगी कंपन्यांचं आणि बँकांचं होतं, आणि मोठा भाग वर्षभरात फेडायचा होता.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १९९५ च्या एप्रिलमध्ये एका डॉलरला साधारण ८० येन मिळत होते. दोन वर्षांत डॉलर इतका मजबूत झाला की तोच आकडा १२० च्या पुढे गेला. बाट डॉलरला बांधलेला, त्यामुळे तोही येनसमोर महाग झाला. थायलंडचा माल परदेशात महाग पडू लागला. १९९५ मध्ये जोरात वाढलेली निर्यात १९९६ मध्ये जागच्या जागी थांबली. देश कमावत होता त्यापेक्षा बाहेर जास्त खर्च करत होता. ही तूट अर्थव्यवस्थेच्या सुमारे ८ टक्के झाली आणि ती बाहेरून येणाऱ्या कर्जावर भागत होती.

फेब्रुवारी १९९७ मध्ये सोमप्रसोंग लँड या बिल्डर कंपनीला परदेशी कर्जरोख्यांचा हप्ता भरता आला नाही. रिकामे टॉवर सगळ्यांना दिसतच होते. आता त्यांच्यामागचं कर्जही दिसायला लागलं.

सट्टेबाजाचं गणित

इथे हेज फंडवाले येतात. जॉर्ज सोरोस यांचा फंडही त्यात होता. पण ते नेमकं काय करतात हे आकड्यांत पाहू, म्हणजे त्यात जादू काही नाही हे कळेल.

तुम्ही बँकॉकच्या बँकेकडून २५ कोटी बाट उसने घेता. ते लगेच विकून २५ च्या भावाने १ कोटी डॉलर घेता. मग थांबता. तीन महिन्यांनी बाट ३० वर गेला, तर २५ कोटी बाट विकत घेऊन परत करायला तुम्हाला ८३ लाख डॉलर पुरतात. हातात उरले साधारण १७ लाख. आणि समजा पेग टिकला, भाव २५ च राहिला? तर तुमचं नुकसान फक्त व्याजातल्या फरकाचं. बाटचं व्याज डॉलरपेक्षा वर्षाला ६ टक्के जास्त धरलं, तर तीन महिन्यांचे दीड लाख डॉलर.

जिंकलात तर १७ लाख, हरलात तर दीड लाख. आणि बाट अचानक महाग होऊन तुम्ही मोठ्या खड्ड्यात जाल, ही शक्यता जवळपास शून्य. कारण पेगवर दबाव असतो तेव्हा तो एकाच दिशेने सुटू शकतो. तरंगत्या चलनात असं एकतर्फी गणित मिळत नाही. तिथे भाव दोन्हीकडे हलतो आणि सट्टेबाजाचेही हात पोळतात.

दुसरी बाजूही बघा. तुमचे ते बाट विकत कोण घेतंय? मध्यवर्ती बँक. भाव २५ वर ठेवायचं वचन आहे, म्हणून जो कोणी बाट घेऊन येईल त्याला तिला डॉलर द्यावेच लागतात. आणि रांगेत फक्त सट्टेबाज नसतात. आपल्या त्या बिल्डरलाही आता भीती वाटते, तोही बाट देऊन डॉलर घ्यायला येतो. घबराट पसरली की सट्टेबाज कोण आणि आपला माणूस कोण, हे वेगळं करता येत नाही.

तिजोरीत असलेले आणि नसलेले डॉलर

आता मूळ कोड्याकडे येऊ. मध्यवर्ती बँकेने डॉलर विकले की दोन गोष्टी होतात. गंगाजळी कमी होते, हे एक. आणि तेवढेच बाट बाजारातून तिच्याकडे ओढले जातात, म्हणून देशात बाटची टंचाई होते आणि व्याजदर चढतो, हे दुसरं. हाँगकाँगने हा चढलेला व्याजदर मुकाट्याने सहन केला असता. थायलंडला ते परवडणारं नव्हतं, कारण तिथल्या फायनान्स कंपन्या रिकाम्या टॉवरांच्या कर्जाखाली आधीच दबल्या होत्या आणि मध्यवर्ती बँकच मागच्या दाराने त्यांना उसने पैसे पुरवत होती. व्याजदर अजून चढला असता तर त्या लगेच कोसळल्या असत्या.

मग बँकेने एक वाट काढली, स्वॅप. शब्द अवघड, व्यवहार सोपा. आज मी तुम्हाला बाट देतो, तुम्ही मला डॉलर द्या. आणि तीन किंवा सहा महिन्यांनी मी तुम्हाला तेच डॉलर आज ठरलेल्या भावाने परत देईन. बघा, एका व्यवहारात दोन्ही दुखणी गायब. विकलेले डॉलर तिजोरीत परत दिसायला लागले आणि ओढलेले बाट बाजारात परत गेले. व्याजदर शांत, गंगाजळीचा आकडा भरलेला. मात्र ते डॉलर आता उसने होते, आणि परत करायची तारीख ठरलेली होती.

तुमच्या फोनवर बँकेचं अॅप उघडलं आणि खात्यात ३२ हजार दिसले, तर छान वाटतं. पण पुढच्या महिन्यात २९ हजारांचं क्रेडिट कार्डचं बिल यायचं असेल, आणि ते त्या स्क्रीनवर कुठेच दिसत नसेल तर? मी सॉफ्टवेअरवाला आहे. चुकीचा आकडा दाखवणारा डॅशबोर्ड आमच्याकडे लवकर पकडला जातो. आकडा बरोबर असतो आणि स्क्रीनवरून एक रकाना गायब असतो, तो डॅशबोर्ड पकडायला फार वेळ लागतो.

मे १९९७ च्या मध्यावर सगळ्यात मोठा हल्ला झाला. काही दिवसांतच १० अब्ज डॉलरहून जास्त खर्ची पडले. १५ मे च्या सुमारास थायलंडने वेगळा डाव टाकला. देशातल्या बँकांना सांगितलं, की परदेशी लोकांना बाट उसने देऊ नका. ज्यांनी बाट उसने घेऊन विकले होते, त्यांना परत करायला बाट मिळेनात. देशाबाहेर बाटचं रात्रीपुरतं व्याज शेकडो टक्क्यांवर गेलं. अनेक फंडांचं मोठं नुकसान झालं आणि थायलंड जिंकल्याच्या बातम्या आल्या.

पण हा विजय बाहेरच्यांवर होता. देशातल्या बिल्डरची भीती कमी झाली नव्हती, निर्यात वाढली नव्हती आणि स्वॅपच्या तारखा जवळ येतच होत्या. १९ जूनला अर्थमंत्री आम्नुय विरावन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी बँकर असलेले थनोंग बिदाया आले आणि त्यांच्यासमोर खरं चित्र आलं. गंगाजळी सुमारे ३२ अब्ज. स्वॅपमधून परत द्यायचे सुमारे २९ अब्ज. खरोखर स्वतःचे म्हणावेत असे डॉलर ३ अब्जांच्याही आत होते. आणि देशाला वर्षभरात फेडायचं कर्ज त्याच्या कित्येक पट.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हे आहे. ३२ अब्ज असताना त्यांनी बाट सोडला, कारण ३२ अब्ज नव्हतेच.

मग ३० जूनचं पंतप्रधानांचं भाषण खोटं होतं का? दोन दिवसांत उलटलं, त्या अर्थी होय. पण पेग चालवणाऱ्या माणसाची अडचणही बघा. 'विचार करतोय' एवढं जरी तो म्हणाला, तरी त्याच दुपारी उरलेले डॉलर संपतात. म्हणून पेग तुटायच्या आदल्या दिवसापर्यंत सगळेच देश 'अवमूल्यन नाही' असंच म्हणतात. त्या वाक्यात माहिती काहीच नसते.

बिल कुणी भरलं

ज्या बिल्डरने १ कोटी डॉलर उचलले होते, त्याचं कर्ज २५ कोटी बाटचं होतं. डॉलर ५० बाटवर गेल्यावर तेच कर्ज ५० कोटींचं झालं. त्याने काहीही नवीन उसनं घेतलं नाही, तरी कर्ज दुप्पट. टॉवर तोच, आणि भाडेकरू आणखी कमी. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने थायलंडला १७ अब्ज डॉलरहून मोठं मदतीचं पॅकेज मिळालं. त्याच महिन्यात परत द्यायच्या डॉलरचा आकडा पहिल्यांदा लोकांसमोर आला. तेव्हा तो २३.४ अब्ज होता. डिसेंबरमध्ये ५६ फायनान्स कंपन्या कायमच्या बंद झाल्या. १९९८ मध्ये थायलंडची अर्थव्यवस्था, त्या वेळच्या आकड्यांनुसार, १० टक्क्यांच्या आसपास आकसली. सिरिवत नावाचे एक मोठे गुंतवणूकदार बँकॉकच्या रस्त्यावर गळ्यात पेटी अडकवून सँडविच विकू लागले आणि त्यांचे फोटो जगभर गेले. त्यांना निदान नाव मिळालं. टॉवर बांधायला ईशान्य थायलंडमधून आलेले मजूर गावी परत गेले, त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

त्याच वादळात बाकी दोन प्रकारांचं काय झालं? ऑक्टोबर १९९७ मध्ये हाँगकाँगवर हल्ला झाला. नियमाप्रमाणे चलन आटलं आणि बँकांमधलं रात्रीपुरतं व्याज एका दिवशी २८० टक्क्यांपर्यंत गेलं. ७.८० चा भाव टिकला. पण किंमत चुकवावी लागलीच. पुढच्या सहा वर्षांत तिथल्या घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. भाव हलायचा नसेल तर बाकी सगळ्याला हलावं लागतं: पगार, घरं, नोकऱ्या. आणि कडक नियम म्हणजे अमरपट्टा नव्हे. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये एक पेसो म्हणजे एक डॉलर असा कायदाच केला होता. लोकांनी वर्षानुवर्षं मंदी सोसली, शेवटी सहनशक्ती संपली आणि जानेवारी २००२ मध्ये तो कायदाही मोडला.

ऑस्ट्रेलियाचा बराच माल आशियात जातो, त्यामुळे झटका तिथेही बसायला हवा होता. ऑस्ट्रेलियन डॉलर चांगलाच घसरला, पण त्याने कुणाला वचन दिलेलं नव्हतं, म्हणून मोडायलाही काही नव्हतं. तिथल्या निर्यातदारांना स्वस्त चलनाचा फायदा मिळाला आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली. तरंगता दर फुकट मात्र मिळत नाही. आयात महागते, रोजची अनिश्चितता सोसावी लागते आणि हेजचा खर्च कंपन्यांना करावा लागतो. फरक एवढाच, की हा त्रास थोडा थोडा आणि रोज होतो. पेगमध्ये तो साठत जातो आणि एका सकाळी एकदम येतो.

आपण काय बघायचं

आपलाही रुपया पूर्वी चलनांच्या टोपलीला बांधलेला होता. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला असं दोन टप्प्यांत त्याचं अवमूल्यन झालं, आणि त्याच काळात रिझर्व्ह बँकेने सोनं परदेशात गहाण ठेवलं. मार्च १९९३ पासून भाव मुख्यतः बाजार ठरवतो, आणि फार झोका आला की रिझर्व्ह बँक मधे पडते. म्हणजे आपण पट्टीवर तरंगत्या बाजूला आहोत, पण एक हात दोरीवर आहे.

थायलंडच्या अनुभवानंतर, १९९९ मध्ये, नाणेनिधीने गंगाजळी जाहीर करायचा नमुनाच बदलला. आता त्यात पुढे द्यायच्या डॉलरचाही रकाना आहे. आपली रिझर्व्ह बँकही फॉरवर्डमधले आपले व्यवहार मासिक बुलेटिनमध्ये छापते. तेव्हा पुढच्या वेळी 'देशाची गंगाजळी इतकी अब्ज' अशी बातमी फोनवर आली, तर पहिला आकडा वाचून थांबू नका. त्यातले पुढे कुणाला द्यायचे किती आहेत ते शोधा, आणि वर्षभरात फेडायचं परकीय कर्ज किती आहे ते त्याच्या शेजारी मांडा. १९९७ च्या जूनमध्ये हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडायला मिळाले असते, तर बाटचा निकाल २ जुलैची वाट न बघता कुणालाही सांगता आला असता.

पुढच्या भागात भेटू. काही चुकलं असेल तर कळवा, तेही छापतो.